उकडा तांदूळ: जीवनसत्त्वं पाण्यात न घालवता भात कसं उकडावं

कोकणात आणि गोव्यात बऱ्याच घरांत भात उकडतात ते असं: मोठ्या टोपात भात आणि गार पाणी एकत्रच चुलीवर चढवायचं, खाली जाळ घालायचा, पाण्याला खळखळून उकळी फुटली की जाळ ओढायचा, झाकण ठेवून रात्रभर तसंच सोडायचं आणि सकाळी पाणी काढून पुन्हा एकदा वाफवायचं. तांदूळ होतो, गिरणीत मोडतही नाही, पेजही दाट होते. फक्त ज्यासाठी उकडा खावा असं सगळे सांगतात, ते ब जीवनसत्त्व त्या पिवळट पाण्याबरोबर परसात ओतलं जातं. उकळीमुळे तुसाची शिवण भिजवणीतच उसवते आणि पुढे रात्रभर दाणा उघड्या अंगाने पाण्यात पडून राहतो.

उपाय अवघड नाही. पाणी, वाफ आणि ऊन या तिन्हींचा क्रम तोच राहतो, बदल करायचा तो भिजवणीच्या तापमानात. पुढचं सगळं वीस किलो भाताच्या हिशेबाने लिहिलं आहे. इथे ‘भात’ म्हणजे तुसासकटचं धान्य. शिजवलेल्या भाताविषयी शेवटी बोलू.

## आधी हे समजून घ्या: उकडल्याने दाण्यात काय होतं

भाताच्या दाण्याला बाहेरून तूस, त्याच्याखाली कोंड्याचे पातळ थर, एका टोकाला अंकुर आणि आत सगळा पिठूळ गर. ब-१ म्हणजे थायमिन, आणि बऱ्याच अंशी ब-३ म्हणजे नायसिनही, अंकुराच्या भोवती आणि कोंड्याच्या आतल्या थरात साठलेलं असतं. गरात त्याचा अंश फार थोडा. कच्चं भात गिरणीत घातलं की तुसाबरोबर कोंडा आणि अंकुर निघून जातात, आणि पांढराशुभ्र सुरय तांदूळ हातात येतो तो जवळपास नुसता पिष्टाचा.

भात तुसासकट कोमट-गरम पाण्यात भिजलं की पाणी बाहेरून आत शिरतं. थायमिन आणि नायसिन पाण्यात विरघळणारी असल्यामुळे कोंड्यातून आणि अंकुरातून ती या पाण्याबरोबर गराकडे सरकतात. नंतर वाफ दिली की गरातलं पिष्ट फुगून एकजीव होतं, दाण्यातल्या बारीक भेगा सांधल्या जातात आणि आत आलेली जीवनसत्त्वं त्या घट्ट झालेल्या गरात अडकतात. कोंड्याचा आतला थरही गराला चिकटून बसतो. मग गिरणीने कोंडा काढला तरी आतला वाटा शिल्लक राहतो. गंमत म्हणजे तेलाचा प्रवास याच्या उलट होतो, ते बाहेर कोंड्याकडे सरकतं. उकड्याचा कोंडा हाताला तेलकट लागतो तो त्यामुळे.

आता आकडे पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत शंभर ग्रॅम कच्च्या, सडलेल्या म्हणजे कोंडा काढलेल्या तांदळात थायमिन ०.०५ मिलिग्रॅम आहे, तर सडलेल्या उकड्यात ०.१७. म्हणजे तिपटीहून जास्त. नायसिन १.६९ वरून २.५१ वर जातं. दिवसाला अडीचशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या माणसाला सुरय तांदळातून जेमतेम सव्वा दशांश मिलिग्रॅम थायमिन मिळतं, उकड्यातून चार दशांशाहून थोडं जास्त. प्रौढ माणसाची रोजची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास धरली, तर ज्याच्या ताटात भाताखेरीज फारसं काही नसतं त्याला हा फरक जाणवण्याइतका आहे.

दोन गोष्टी मात्र तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली, उकडल्याने दाण्यात काही नवं तयार होत नाही. कोंड्यासकटच्या न उकडलेल्या तांदळात थायमिन ०.२७ मिलिग्रॅम आहे, म्हणजे उकड्याहून जास्तच. उकडणं फक्त गिरणीत होणारं नुकसान कमी करतं. दुसरी गोष्ट खनिजांची. लोह कच्च्या सडलेल्या तांदळात ०.६५ मिलिग्रॅम आणि उकड्यात ०.७२, म्हणजे फरक नसल्यातच जमा. लोह आणि जस्त कोंड्याच्या थरात फायटिक आम्लाशी बांधलेलं असतं, ते थायमिनसारखं सहज विरघळून पाण्यामागे आत जात नाही. ब-२ चंही तसंच, ०.०५ चं ०.०६ होतं. उकडा हे ब-१ आणि ब-३ चं काम आहे. रक्त कमी आहे म्हणून कुणी उकडा खायला सांगत असेल तर त्याचा फार भरवसा धरू नका. हिरवा पाला, नाचणी आणि मासे ताटात असू द्या.

## तयारी: चूल पेटवण्याआधी

वीस किलो भात पोत्यात दिसायला थोडं वाटतं, पण त्याचं आकारमान पस्तीस लिटरच्या आसपास भरतं आणि भिजल्यावर आणखी फुगतं. म्हणून साठ लिटरचं पातेलं किंवा जुनं तांब्याचं भाण घ्या. त्यापेक्षा लहान भांडं असेल तर भात दहा किलो घ्या आणि खालची पाण्याची मापं निम्मी करा. काठोकाठ भरलेल्या भांड्यात वरचा थर कोरडा राहतो, आणि तोच पुढे गिरणीत पांढऱ्या पोटाचा निघतो.

याखेरीज लागेल ते असं: पातेल्याच्या तळाशी चार बोटं उंचीवर बसेल अशी भोकांची जाळी, जाड गोणपाट, वाळवणासाठी सावली आणि सौम्य ऊन अशा दोन्ही जागा, आणि एक साधा वजनकाटा. तापमापक असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

आता सगळ्यात उपयोगी वस्तू, जी बहुतेकजण करत नाहीत. वीस किलोतलंच बरोबर एक किलो भात मोजून पातळ कापडाच्या सैल पुरचुंडीत बांधा. ते बाकीच्या भाताबरोबरच भिजेल, वाफवेल आणि वाळेल. प्रत्येक टप्प्याला ते बाहेर काढून, कापड सोडून, नुसत्या भाताचं वजन करायचं. भिजलं किती आणि वाळलं किती हे डोळ्यांपेक्षा काटा नेमकं सांगतो. पुरचुंडी सैल बांधा, भात फुगायला जागा लागते.

तपासणी: भात नीट वाळवून साठवलेलं असावं. दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. शेतातून आलेलं ओलसर भात असेल तर पुरचुंडीचे पुढचे आकडे जुळणार नाहीत. आधी ते वाळवून घ्या.

सावध: पुढचे तीन दिवस आभाळ भरून येण्याची शक्यता असेल तर भात भिजत घालू नका. वाफवलेलं भात ओलं राहिलं की दुसऱ्याच दिवशी बुरशीचा वास धरतं, आणि तो तांदूळ धुऊन वापरण्याजोगा राहत नाही.

## १. निवडणं आणि धुणं

एका वेळी एकाच जातीचं भात घ्या. ‘जया’चा जाड दाणा आणि एखादा बारीक दाणा एकत्र भिजवले तर बारीक दाणा आधीच तुडुंब होतो आणि जाडाच्या पोटात अजून कोरडं असतं. नवं आणि जुनं भातही मिसळू नका.

भात गार पाण्यात टाकून हाताने ढवळा, वर तरंगणारे पोचट दाणे आणि पेंढा काढून टाका. हे पाणी लगेच ओता. दोनदा धुतलं की पुरे. तूस शाबूत असताना इतक्या वेळात आतून काही जात नाही, पण धुण्याच्या पाण्यात भात तासभर विसरलात तर भिजवण तिथेच गार पाण्यात सुरू होते आणि पुढचं तापमान हिशेबात बसत नाही.

## २. भिजवण: सगळं इथेच ठरतं

तांदळाचं पिष्ट जातीनुसार साधारण पासष्ट ते पंचाहत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे फुगायला लागतं. भिजवणीत भाताला त्याच्या खालच्या काठावर ठेवायचं. पाणी पुरेसं गरम असलं की ते दाण्यात भराभर शिरतं, आणि पिष्ट अजून फुगलेलं नसल्यामुळे तूस बंद राहतं. काठ ओलांडला की दाणा तुसात मावेनासा होतो, शिवण उसवते आणि आत जायचं ते बाहेर यायला लागतं.

वीस किलोला अठ्ठावीस लिटर पाणी धरा. त्यातलं एकोणीस लिटर खळखळून उकळवा आणि नऊ लिटर नेहमीचं गार पाणी त्यात मिसळा. असं दोनास एक मिसळलेलं पाणी पंचाहत्तर-सत्त्याहत्तर अंशांवर येतं. त्यात भात सोडलं की भात स्वतः थोडी उष्णता खातं आणि सगळं मिळून पासष्टच्या आसपास स्थिरावतं. हाच तापमापकाशिवायचा उपाय. क्रम उलटा करू नका. पाण्यात भात सोडायचं, भातावर उकळतं पाणी ओतायचं नाही, नाहीतर वरचा थर भाजतो आणि खालचा गारच राहतो.

भात सोडल्यावर लांब दांड्याच्या उलथन्याने तळापासून दोनदा ढवळा. पाणी भाताच्या वर चार-पाच बोटं असायला हवं, कारण वीस किलो भात पाच लिटरच्या आसपास पाणी पिणार आहे. झाकण घाला, वरून आणि बाजूने गोणपाट गुंडाळा. खाली जाळ नको, निखाराही नको. आता सहा ते आठ तास.

गोणपाटाखाली पाणी हळूहळू निवत जातं, चार-पाच तासांनी पन्नासच्या घरात येतं. त्यामुळे भिजवण शेवटी मंदावते, म्हणून वेळ थोडा जास्त दिला आहे. तासातासाला झाकण उघडून बघत बसलात तर हाच वेळ दहा तासांवर जाईल आणि पाणी आंबूस होईल.

तपासणी: सहा तासांनी पुरचुंडी काढा, अर्धा तास निथळू द्या आणि भाताचं वजन करा. एक किलोचं साडेबाराशे ग्रॅमच्या आसपास झालं असेल तर भिजवण पूर्ण झाली. बाराशेच्या खाली असेल तर आणखी तासभर ठेवा. तेराशेच्या वर गेलं असेल तर बहुतेक तुसं उसवली आहेत, ताबडतोब पाणी काढा. काटा नसेल तर पाच-सहा दाणे सोलून ब्लेडने आडवे कापा. मधोमध खडूसारखा पांढरा कोरडा ठिपका दिसला तर पाणी अजून गाभ्यापर्यंत पोचलेलं नाही.

भिजवण झाली की पाणी पूर्ण काढून टाका. ते थोडं पिवळट असणारच, तुसाचा रंग त्यात उतरतो. पण पाणी पेजेसारखं गढूळ आणि बोटांना चिकट लागलं तर समजा की पिष्ट बाहेर आलं, आणि पिष्टाच्या आधी जीवनसत्त्व आलेलं असतं. पुढच्या खेपेला गार पाण्याचं प्रमाण लिटरभर वाढवा.

### गार पाण्यात भिजवलं तर?

चालतं. पण चोवीस ते छत्तीस तास लागतात, आणि दर बारा तासांनी पाणी न बदललं तर आंबून वास येतो. तो वास वाळवणातही जात नाही आणि मग घरातली मुलं उकड्याला नाक मुरडतात. पाणी बदलावं तर प्रत्येक वेळी विरघळलेलं थोडं थोडं जातं. जळण वाचतं हे खरं, तरीही माझं मत गरम भिजवणीच्याच बाजूने.

## ३. वाफ

पातेल्याच्या तळाशी चार लिटर पाणी घाला, त्यावर जाळी बसवा, आणि पाणी उकळायला लागल्यावरच निथळलेलं भात जाळीवर सोडा. पाण्याची पातळी जाळीच्या खाली राहिली पाहिजे. वीस किलोचे दोन घाणे करा. थर हातभर उंच झाला की तळातलं भात जास्त शिजतं आणि वरचं कच्चं राहतं. पहिला घाणा होईपर्यंत दुसरा गोणपाटाखाली झाकून ठेवा. पुरचुंडी मधल्या थरात खोचा.

जाळी न वापरता तळाशी थोडं पाणी ठेवून त्यातच भात ओतायची पद्धत जुनी आहे. तिचा तोटा असा की तळाचं चार बोटं भात वाफेवर न होता पाण्यात शिजतं. तेवढ्या थरातलं ब-१ पुन्हा पाण्यात उतरतं, दाणा फुटतो, आणि वाळवताना हेच फुटके दाणे कडक होऊन गिरणीत कणी वाढवतात. जाळी नसेल तर बांबूच्या कामट्यांची ताटी बसवा, पण भात पाण्याच्या वर राहू द्या.

वर गोणपाट टाका. त्यातून सगळीकडून सारखी वाफ यायला लागली की तेव्हापासून दहा ते पंधरा मिनिटं मोजा. आधीची मिनिटं धरू नका. एकाच कोपऱ्यातून वाफ येत असेल तर तिथे वाट पडली आहे. भात उलथन्याने सारखं करा आणि पुन्हा मोजा.

तपासणी: मधल्या थरातले मूठभर दाणे काढा. काहींच्या तुसाला मधोमध बारीक चीर गेलेली दिसली की थांबायचं. सोलून उजेडात धरला तर दाणा आरपार काचेसारखा दिसावा, पोटात पांढरं काही नको. पांढरं पोट दिसलं म्हणजे तिथलं पिष्ट एकजीव झालेलं नाही. तो दाणा गिरणीत मोडणार.

सावध: दाणा तुसाबाहेर डोकवायला लागला म्हणजे वाफ जास्त झाली. थायमिनला उष्णता मानवत नाही, जितका वेळ जास्त वाफवाल तितकं ते नष्ट होतं. तांदूळ जास्त तांबूस झाला म्हणजे जास्त पौष्टिक झाला, असा समज सगळीकडे ऐकू येतो. उकडल्याने येणारा तो रंग तुसातून उतरतो आणि तापण्याने गडद होतो. चांगल्या उकड्याचा रंग फिका मधाळ असतो. ‘ज्योती’ जातीसारख्या मुळातच लाल दाण्याचा लालपणा वेगळा, तो कोंड्याचा.

## ४. वाळवण: घाई केलीत की कणी

वाफेवरून काढलेलं भात ताबडतोब पसरा. टोपात झाकून ठेवलं तर ते स्वतःच्या उष्णतेने शिजत राहतं. खळ्यात दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर करा, पुरचुंडीतलं भात शेजारी तितक्याच जाडीने वेगळं पसरा, आणि दर अर्ध्या तासाने हात फिरवा. पहिल्या दिवशी सौम्य ऊन चालतं. या टप्प्यावर दाण्यात पाणी भरपूर असतं आणि तो मऊ असतो, त्यामुळे भराभर वाळला तरी तडकत नाही.

खरा धोका नंतरचा. ओलावा सोळा-सतरा टक्क्यांच्या खाली उतरू लागला की दाण्याचं बाहेरचं अंग आवळतं आणि गाभा अजून फुगलेला असतो. या ताणात बारीक चिरा पडतात. त्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, गिरणीतल्या कणीच्या ढिगात दिसतात. म्हणून मधे थांबायचं.

पुरचुंडीतलं एक किलो भात १०५० ग्रॅमवर आलं की सगळं गोळा करून ढीग घाला, गोणपाटाने झाका आणि रात्रभर सोडा. गाभ्यातलं पाणी बाहेरच्या अंगापर्यंत पोचून दाणा आतबाहेर सारखा होतो. दुसऱ्या दिवशी सावलीत किंवा सकाळच्या कोवळ्या उन्हात पुन्हा पसरा, आणि वजन ९९० ते १००० ग्रॅमवर आलं की वाळवण संपलं. मूळ एक किलोपेक्षा किंचित कमी भरतं, कारण तुसाचा रंग आणि थोडं विरघळलेलं द्रव्य पाण्यात गेलेलं असतं.

वैशाखातल्या दुपारच्या उन्हात सिमेंटच्या गच्चीवर भात टाकून जेवायला आत गेलात, तर तापलेली गच्ची तासाभरात ते सगळं चिरून ठेवते. वाळवण सकाळी दहाच्या आत आणि चारच्या नंतर.

## ५. गिरण

वाळलेलं भात एक-दोन दिवस पोत्यात राहू द्या, मग न्या. वीस किलोत चारेक किलो तूस निघतं, तांदूळ तेरा-चौदा किलो उतरतो, उरलेलं कोंडा आणि धूळ. याहून बरंच कमी आलं तर एकतर वाळवणीत चिरा पडल्या किंवा पॉलिश जास्त झालं.

गिरणवाल्याशी आधीच बोलून घ्या. उकड्याचा दाणा कच्च्यापेक्षा कडक असतो, कोंडा लवकर सुटत नाही आणि तेलकट असल्यामुळे जाळीला चिकटतो. त्यामुळे हलरवर दाब वाढवून तांदूळ दोनदा घालायची त्यांची सवय असते. गिऱ्हाईकाला पांढरा तांदूळ आवडतो, असं त्यांचं म्हणणं. जीवनसत्त्व आत सरकलं असलं तरी ते गाभ्यात सगळीकडे सारखं नसतं, बाहेरच्या थरात अजूनही जास्त असतं. दुसऱ्या फेरीत नेमका तोच थर भुशात जातो. एकदाच घालायला सांगा, आणि दाण्यावर लालसर रेघा राहिल्या तर राहू द्या.

तपासणी: गिरणीतून आलेल्या तांदळाची मूठ उघड्या हातावर घ्या. दाणे एकसारखे पारदर्शक आणि कणी थोडी असेल तर वरचे चारही टप्पे जमले. पांढऱ्या पोटाचे दाणे बरेच असतील तर दोष भिजवणीत किंवा वाफेत आहे. दाणे पारदर्शक आहेत, पण कणी भरपूर, तर वाळवणीत. पुढच्या घाण्याला कुठे हात घालायचा ते एवढ्यावरून कळतं.

## ६. शिजवताना घालवू नका

कच्चा सडलेला तांदूळ चोळून चोळून धुतला तर त्यात उरलेल्या थोड्या थायमिनपैकी पावपासून निम्म्यापर्यंत धुण्याच्या पाण्यात जातं, कारण ते दाण्याच्या पृष्ठभागावरच असतं. उकड्यात हे नुकसान दहा टक्क्यांच्या आसपास राहतं, ते आत अडकलेलं असतं म्हणून. तरीही दोनदा हलक्या हाताने धुणं पुरे. भिजत घातलात तर तेच पाणी शिजवायला वापरा.

मोठा तोटा होतो तो भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी ओतून देण्यात. पेजेची रीत या बाबतीत फार शहाणी आहे. दाण्यातून जे पाण्यात उतरतं ते त्याच वाडग्यातून पोटात जातं. शीत मोकळं हवं म्हणून पाणी निथळायचंच असेल तर ते निथळलेलं पाणी मीठ घालून प्या, किंवा आमटीत वापरा. कुकरमध्ये मोजून पाणी घाला. जाड उकड्याला तांदळाच्या तिप्पट लागतं आणि वेळ सुरय तांदळाच्या दुपटीच्या घरात.

तांदूळ लवकर शिजावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा घालणारे आहेत. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि त्यात थायमिन तापवलं की फार लवकर नष्ट होतं. दोन दिवसांची मेहनत त्या एका चिमटीत जाते. लवकर शिजायला हवा असेल तर तांदूळ तासभर आधी भिजवा.

## विकत घेणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्यांना भात उकडायला मिळणार नाही, दुकानात पाकीट निवडायचं असतं. तिथे नावांनी फसू नका. ‘सेला’ म्हणून मिळणारा बासमती उकडलेलाच असतो, इडलीचा जाड तांदूळही बहुधा उकडाच असतो. उलट लाल दिसणारा प्रत्येक तांदूळ उकडा नसतो, तो कोंड्यासकटचा कच्चाही असू शकतो. दाणा उजेडाकडे धरा. उकडा काचेसारखा, किंचित पिवळसर आणि पोटात पांढरा ठिपका नसलेला दिसतो. कच्चा सडलेला दुधाळ पांढरा असतो आणि दाताखाली सहज भुरभुरतो. उकडा दाताला कडक लागतो.

सेल्याचं पाकीट अगदी शुभ्र, चकचकीत दिसत असेल तर त्यावर पॉलिश भरपूर झालेलं आहे. त्यातही सुरय तांदळापेक्षा थायमिन जास्त असतं, पण गावच्या गिरणीत एकदाच घातलेल्या उकड्याची बरोबरी ते करत नाही. तंतुमय पदार्थांसाठी घेत असाल तर मात्र दोन्ही बाजूला ठेवा आणि कोंड्यासकटचा तांदूळ घ्या. सडलेल्या उकड्यात कोंडा फारसा उरत नाही, मग तितके तंतू यायचे कुठून?